जॉब लावण्याआधी सीएमएमचा प्रोब रेफरन्स स्फिअरवर कसा क्वालिफाय करावा

बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छेच्या बाजूला हायड्रॉलिकचं काम करणाऱ्या शॉपमध्ये रोज दिसणारा जॉब घेऊ. कास्ट आयर्नची व्हॉल्व्ह बॉडी, तिच्यात स्पूलसाठी १६ एच७ चा आरपार बोअर, लांबी ८० मिलिमीटर. एच७ म्हणजे बोअर १६.००० ते १६.०१८ च्या आत हवा. बोअर लांब असल्यामुळे प्रोब एका बाजूने पूर्ण आत जात नाही. म्हणून अर्धा बोअर डावीकडून मोजायचा, अर्धा उजवीकडून, आणि दोन्हींची कोअॅक्सिअॅलिटी, म्हणजे दोन्हींचे अक्ष एकाच रेषेत असणं, ०.०२ च्या आत दाखवायची. हे मोजायचं सीएमएमवर, म्हणजे जॉबला ठिकठिकाणी प्रोब टेकवून त्या बिंदूंवरून माप काढणाऱ्या मशीनवर. प्रोब नीट क्वालिफाय झालेला नसेल तर काय काय बिघडतं ते सगळं या एका जॉबवर दिसतं. म्हणून पुढचं सगळं याच जॉबला धरून सांगतो. प्रोब टच ट्रिगर जातीचा आणि मोटराइज्ड हेडवर बसवलेला आहे असं धरलं आहे.

मशीनला नेमकं काय कळतं

प्रोबला लावलेल्या स्टायलसच्या काडीच्या टोकाला रूबीची गोळी असते. ही रूबी बोअरच्या भिंतीला टेकते, प्रोब ट्रिगर देतो आणि त्या क्षणी मशीन स्केलवरचे एक्स, वाय, झेड वाचून घेते. हा आकडा भिंतीचा नसतो, रूबीच्या केंद्राचा असतो. भिंत कुठे आहे हे काढायचं तर त्यात रूबीची त्रिज्या मिळवावी लागते.

रूबीच्या डबीवर ३ मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी हिशेबात ३ धरून चालत नाही. रूबी टेकल्यावर ट्रिगर लगेच येत नाही. स्टायलसची काडी किंचित वाकते, प्रोबच्या आतली स्प्रिंग दबते, मग ट्रिगर येतो. तोवर मशीन काही मायक्रॉन पुढे गेलेली असते. या पुढे जाण्याला प्रीट्रॅव्हल म्हणतात. तो दोन्ही बाजूंनी होत असल्यामुळे मशीनच्या दृष्टीने रूबी तिच्या खऱ्या मापापेक्षा बारीक भासते. क्वालिफाय करताना आपण हाच भासणारा व्यास काढतो. ज्याचा व्यास सर्टिफिकेटवर लिहिलेला आहे असा गोळा मोजायचा, आणि मशीनच्या कच्च्या आकड्यातून तो व्यास वजा करायचा:

```
D_eff = D_raw - D_ref
बोअर  = D_path + D_eff
शाफ्ट = D_path - D_eff
```

`D_raw` म्हणजे गोळ्याभोवती फिरताना रूबीच्या केंद्राने आखलेल्या गोलाचा व्यास. `D_ref` सर्टिफिकेटवरचा. `D_path` म्हणजे जॉब मोजताना रूबीच्या केंद्राने आखलेल्या वर्तुळाचा व्यास. बोअरमध्ये `D_eff` मिळवला जातो आणि शाफ्टमध्ये वजा होतो, एवढं ध्यानात ठेवा. पुढे चूक पकडायला हेच कामाला येणार आहे.

हात लावण्याआधीची तयारी

स्टायलस निवडताना जमेल तेवढी मोठी रूबी आणि जमेल तेवढी आखूड काडी घ्यावी. काडी लांब झाली की ती जास्त वाकते, आणि वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळी वाकते. आपल्या बोअरमध्ये प्रत्येक बाजूने सुमारे ४० मिलिमीटर आत जायचं आहे. त्याला ४ मिलिमीटरची रूबी आणि ५० मिलिमीटरचा स्टायलस चांगला. आखूड स्टायलसला एक्स्टेन्शन जोडून लांबी करणं टाळा. प्रत्येक जोड म्हणजे सैल होऊ शकणारी आणखी एक जागा. स्टायलस त्याच्या बारीक पिनने आवळायचा, पक्कडीने कधीच नाही. पक्कडीने आटा जातो किंवा प्रोबच्या आतली सीट दुखावते.

मग सफाई. कास्ट आयर्न मोजणाऱ्या शॉपमध्ये हीच पायरी सगळ्यांत जास्त चुकते. कास्टिंगमधली ग्रॅफाइटची भुकटी आणि कूलंटचा तेलकटपणा मिळून रूबीवर पातळ थर बसवतात. लाल रूबीवर तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे दोन थेंब घ्या, रूबी हलकेच फिरवून पुसा आणि कापड बघा. त्यावर राखाडी डाग उठला तर कापडाची जागा बदलून पुन्हा पुसा, डाग उठायचा थांबेपर्यंत. मग दहापटीच्या भिंगातून रूबी बघा. चपटी झालेली जागा, टवका, किंवा काडी आणि रूबीच्या जोडावर चिकटलेला बारीक कण दिसला तर स्टायलस बाजूला ठेवा. रेफरन्स स्फिअरही तसाच पुसायचा, आणि पुसल्यावर बोट लावायचं नाही.

स्फिअरचा स्टँड ग्रॅनाइटवर घट्ट बसलेला हवा. हाताने ढकलून बघा, जराही हलता कामा नये. मॅग्नेटवर उभा केलेला स्टँड मला पटत नाही. ग्रॅनाइटमध्ये बसवलेल्या थ्रेडेड इन्सर्टला बोल्ट करणंच बरं.

तापमानाचं थोडक्यात. मापाचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस आहे. २५ मिलिमीटरचा स्फिअर दोनतीन अंशांनी फारसा बदलत नाही, खरा घोळ हातांमुळे होतो. प्रोब किंवा एक्स्टेन्शन हातात धरून बसवलं की ते गरम होतं, आणि १०० मिलिमीटरची स्टीलची वस्तू दोन अंशांनी तापली की सुमारे २.३ मायक्रॉन लांब होते. म्हणून स्टायलस बदलल्यावर पंधरावीस मिनिटं थांबा आणि मग क्वालिफाय करा. रात्री एसी बंद ठेवून सकाळी चालू करणाऱ्या शॉपमध्ये एसी लावल्याबरोबर क्वालिफिकेशन उरकणं टाळा. हेड, ग्रॅनाइट आणि स्केल एकाच वेगाने थंड होत नाहीत.

सॉफ्टवेअरला काय सांगायचं

इथे चार गोष्टी नीट भराव्या लागतात. पहिली, प्रोबची खरी जोडणी: हेड, प्रोब, मॉड्यूल, स्टायलस, लांबी. चुकीची लांबी दिली तर क्वालिफिकेशन कदाचित होऊनही जाईल, पण मधल्या हालचालीत मशीन स्टँडवर आदळू शकते.

दुसरी, स्फिअरचा व्यास. तो सर्टिफिकेटवरून चार दशांश स्थानांपर्यंत जसाच्या तसा घ्या. गोळ्यावर २५ लिहिलं असलं तरी सर्टिफिकेटवर २४.९९८३ असू शकतो. सर्टिफिकेट एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबचं, याच सीरियल नंबरचं आणि मुदतीतलं असायला हवं. शॉपमध्ये दोन स्फिअर असतील तर सीरियल नंबर हमखास बघा.

तिसरी, स्फिअरच्या दांड्याची दिशा. दांडा कुठल्या बाजूने आला आहे हे सॉफ्टवेअरला कळलं तर ते तिथे टच घेत नाही. आपल्या जॉबसाठी प्रोब आडवा वळणार आहे. उभ्या दांड्यावर आडवा प्रोब विषुववृत्तावर टच घ्यायला गेला की खालचा टच थेट दांड्यावर पडतो. त्यासाठी टचचा पॅटर्न थोडा फिरवून घ्यावा किंवा तिरप्या दांड्याचा स्टँड वापरावा.

चौथी, टचचा वेग आणि आधी थांबायचं अंतर. जॉबच्या प्रोग्रॅममध्ये जे आकडे आहेत तेच इथे द्या. वेग बदलला की प्रीट्रॅव्हलही किंचित बदलतो. सावकाश क्वालिफाय करून भरधाव मोजलं तर काढलेला व्यास त्या मोजणीला लागू राहत नाही.

टच घेणं

गोळ्यात चार गोष्टी अज्ञात असतात: केंद्राचे तीन आकडे आणि व्यास. म्हणून चार टचमध्ये गणित सुटतं, पण चूक लपते, कारण एका प्रतलात नसलेल्या कुठल्याही चार बिंदूंतून एक गोळा काढता येतो आणि फॉर्म, म्हणजे टच अचूक गोळ्यापासून किती हटले तो आकडा, शून्य येतो. पाच टचही अपुरेच. रोजच्या कामाला मी किमान १३ टच तीन पातळ्यांवर घेतो: ध्रुवावर एक, मध्ये काही, विषुववृत्तावर काही. वेळ असेल किंवा टॉलरन्स आवळ असेल तर २५. आयएसओ १०३६०-५ मधली प्रोबिंग टेस्टही २५ टचचीच आहे: ध्रुवावर एक, २२.५ अंशांवर चार, ४५ वर आठ, ६७.५ वर चार आणि ९० वर आठ. त्या टेस्टसाठी मात्र क्वालिफिकेशनचा गोळा वापरायचा नाही, वेगळा गोळा घ्यायचा असा नियम आहे.

पहिला टच हाताने, प्रोबच्या अक्षाच्या सरळ रेषेत, गोळ्याच्या शिखरावर घ्या. त्यावरून मशीनला केंद्राचा अंदाज येतो आणि पुढचे टच ती स्वतः घेते. सगळी फेरी दोनदा चालवा. पहिल्या फेरीत केंद्र अंदाजे असल्यामुळे टच पृष्ठभागाला काटकोनात पडत नाहीत, दुसऱ्या फेरीत पडतात. दोन फेऱ्यांच्या व्यासांत एक मायक्रॉनपेक्षा जास्त फरक आला तर तिसरी चालवा. तोही वेगळा आला तर काहीतरी सैल आहे.

निकाल कसा वाचावा

आपल्या जोडणीचा निकाल असा आला समजा: `D_raw` २८.९८३७, `D_ref` २४.९९८३, म्हणून `D_eff` ३.९८५४. रूबी ४ ची, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे ७.३ मायक्रॉनचा प्रीट्रॅव्हल. ५० मिलिमीटरच्या स्टायलसला हे शोभतं. `D_eff` ४ पेक्षा जास्त आला तर समजा गडबड आहे: रूबीवर घाण आहे, किंवा व्यास चुकीचा भरला आहे, किंवा स्टायलस वेगळाच लागला आहे.

दुसरा आकडा फॉर्मचा, काही सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या जागी `StdDev` येतो. स्फिअरचा स्वतःचा गोलपणा मायक्रॉनच्या अंशातला असतो, त्यामुळे दिसणारा फॉर्म बहुतेक प्रोबचा असतो. तीन टेकूंवर बसणाऱ्या साध्या टच ट्रिगर प्रोबमध्ये प्रीट्रॅव्हल दिशेप्रमाणे बदलतो. तीन दिशांना जास्त, तीन दिशांना कमी. लांब स्टायलसला हा फरक वाढतो. म्हणून फॉर्मची एकच मर्यादा सगळीकडे लावता येत नाही. स्टायलस नवा आणि स्वच्छ असताना आलेला फॉर्म लिहून ठेवा आणि रोजचा त्याच्याशी ताडा. रोज २ मायक्रॉनच्या आसपास येणारा फॉर्म एका सकाळी ६ आला तर पुढे जाऊ नका. आधी पुसा, मग स्टायलस आवळा, मग स्टँड तपासा, मग स्टायलस बदला. याच क्रमाने, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलून, म्हणजे कारण कळतं.

फॉर्म चांगला आला तरी माप चुकतं ते असं

"सर, फॉर्म दीडच आलाय की. मग परत कशाला चेक करायचं?" असं ऑपरेटर विचारतो तेव्हा प्रश्न रास्त असतो. उत्तर आकड्यांतच आहे.

समजा व्यास भरताना दोन अंक उलटे पडले: २४.९९८३ च्या जागी २४.९९३८. फरक साडेचार मायक्रॉन. फॉर्मवर काहीही परिणाम नाही, कारण टच तेच, गोळा तोच. `D_eff` मात्र ३.९८९९ झाला. ४ च्या आतच आहे, त्यामुळे शंका येत नाही. आता खात्री करायला तोच स्फिअर पुन्हा मोजला तर मशीन २४.९९३८ दाखवणार, म्हणजे आपण भरलेलाच आकडा. स्फिअर या चुकीला दुजोरा देतो, ती पकडत नाही.

जॉबवर काय होतं ते बघा. बोअर खरा १५.९९८ आहे, म्हणजे दोन मायक्रॉनने लहान, रिजेक्ट. मशीन साडेचार मिळवून १६.००२५ दाखवते आणि जॉब पास होतो. उलट १६.०१५ चा चांगला बोअर १६.०१९५ दिसतो आणि स्क्रॅपच्या पेटीत जातो. त्याच सीएमएमवर स्पूलही मोजला तर तो साडेचार मायक्रॉनने बारीक दिसतो. बोअर मोठा आणि स्पूल बारीक, म्हणजे कागदावरचा क्लिअरन्स खऱ्यापेक्षा ९ मायक्रॉनने जास्त. स्पूलचा क्लिअरन्स अनेकदा दहाबारा मायक्रॉनचाच असतो. असेंब्लीत स्पूल अडकतो आणि रिपोर्टवर सगळं हिरवं असतं.

हे पकडायला दोन मास्टर लागतात, एक आतून मोजायचा आणि एक बाहेरून: १६ ची सेटिंग रिंग आणि २५ ची स्लिप गेज. क्वालिफिकेशन झालं की लगेच दोन्ही मोजा. स्लिपच्या दोन्ही मोजणीच्या फेसवर टच घेऊन त्यांच्यातलं अंतर काढा. रिंगच्या सर्टिफिकेटवर १६.०००७ आहे आणि मशीन १६.००५२ दाखवते, स्लिप २५.०००० ची आहे आणि मशीन २४.९९५५ दाखवते, असं आलं तर चूक दोन्हींत साडेचार मायक्रॉनचीच, पण दिशा उलट. आतलं माप मोठं आणि बाहेरचं लहान, किंवा आतलं लहान आणि बाहेरचं मोठं दिसलं की दोष `D_eff` मध्ये असतो: चुकीचा व्यास, दुसराच स्फिअर, घाणेरडी रूबी, किंवा बदललेला वेग. दोन्ही मापं एकाच दिशेने चुकली तर प्रोबमागे लागू नका. तिथे तापमान किंवा मशीनचं स्केल बघायचं. एकटी रिंग मोजली असती तर हे दोन दोष वेगळे ओळखताच आले नसते, म्हणून स्लिपही हवीच.

दोन बाजूंच्या दोन टिप

आपला बोअर दोन्हीकडून मोजायचा असल्यामुळे `A90B90` आणि `A90B-90` अशा दोन टिप लागतात, शिवाय वरचे फेस मोजायला `A0B0`. टिप म्हणजे हेडच्या एका ठरावीक कोनातला स्टायलस. हेड प्रत्येक कोनात थोडं वेगळं बसतं आणि आडव्या स्टायलसला स्वतःच्या वजनाचा झोल येतो, म्हणून प्रत्येक टिप वेगळी क्वालिफाय करायची. व्यासाबरोबर इथे दुसरी गोष्टही ठरते: प्रत्येक टिपचं केंद्र `A0B0` च्या तुलनेत कुठे आहे. हे सगळं स्फिअर जागेवरून हललेला नाही या एका विश्वासावर उभं आहे.

PC-DMIS हे सीएमएमचं सॉफ्टवेअर क्वालिफिकेशन सुरू करताना स्फिअर हलवला आहे का असं विचारतं. या प्रश्नाला सवयीने उत्तर देऊ नका. स्फिअर काढून पुन्हा लावला असेल, कुणाचा धक्का लागला असेल, किंवा मशीन बंद करून नव्याने होम केली असेल तर उत्तर `Yes`, आणि ते फक्त `A0B0` घेताना. मग त्याच स्फिअरवर बाकीच्या सगळ्या टिप `No` म्हणून घ्यायच्या. आडव्या टिपला `Yes` म्हटलं तर सॉफ्टवेअर त्या टिपची कागदावरची जागा खरी धरून स्फिअर शोधतं, आणि तिचा इतर टिपशी असलेला संबंध तुटतो. स्फिअर हललेला असताना `No` म्हणून एकच नवी टिप घेतली तर ती आधीच्या टिपशी जुळत नाही.

आपल्या जॉबवर याचं रूप असं दिसतं. `A90B90` घेतल्यावर जॉब उतरवताना स्टँडला धक्का लागला आणि स्फिअर १२ मायक्रॉन खाली सरकला. `A90B-90` त्यानंतर घेतली. दोन्ही टिपचा व्यास बरोबर, फॉर्म बरोबर, रिंगही बरोबर येते. पण बोअरचे दोन अर्धे एकमेकांपासून १२ मायक्रॉन सरकलेले दिसतात. कोअॅक्सिअॅलिटी व्यासाच्या पट्ट्यात मोजतात, म्हणून रिपोर्टवर ०.०२४ येतं आणि चांगला जॉब रिजेक्ट होतो. मशिनिंगवाल्याला बोलावून फिक्श्चर तपासायला लावण्याआधी जॉब उलटा फिरवून लावा आणि पुन्हा मोजा. सरकलेपणाही जॉबबरोबर उलटला तर दोष जॉबचा. मशीनच्या दिशेनेच कायम राहिला तर दोष टिपचा.

ही वेळ येऊ नये म्हणून सगळ्या टिप झाल्यावर, स्फिअरला हात न लावता, प्रत्येक टिपने तोच स्फिअर साधा गोळा म्हणून मोजा आणि केंद्रांचे एक्स, वाय, झेड शेजारी शेजारी मांडा. कोअॅक्सिअॅलिटी ०.०२ ची असलेल्या जॉबला मी टिपांमध्ये ३ मायक्रॉनपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. व्यासाच्या चुकीला स्फिअर आंधळा असला तरी टिपांच्या जागेची चूक तो लगेच दाखवतो. म्हणून रिंग-स्लिपची तपासणी आणि ही तपासणी दोन्ही कराव्या लागतात, एक केली म्हणून दुसरी सोडता येत नाही.

पुन्हा कधी करायचं

स्टायलस बदलला, सैल होऊन पुन्हा आवळला, मॉड्यूल बदललं, किंवा प्रोब कशावरही आदळला, तर सगळ्या टिप पुन्हा. आदळल्यानंतर फक्त आदळलेली टिप घेऊन भागत नाही, हेडची बैठकच हललेली असू शकते. खोलीचं तापमान दोन अंशांहून जास्त बदललं तर आधी रिंग आणि स्लिप मोजा, त्यावरून ठरवा. नाहीतर दर शिफ्टच्या सुरुवातीला एकदा पुरेसं आहे. दर वेळी प्रत्येक टिपचा `D_eff`, फॉर्म, रिंग आणि स्लिपचे आकडे आणि खोलीचं तापमान एका ओळीत वहीत उतरवा. रिंग महिनाभर १६.०००५ ते १६.००१० च्या मध्ये येत असेल आणि आज १६.००२५ आली, तर बोअरची टॉलरन्स अजून शिल्लक असली तरी जॉब लावायच्या आधी रूबी पुसून पुन्हा एकदा चालवा.